तीन नंबर : भाडं मिळालं

नवरा रेल्वेत गार्ड. म्हणजे घरात असला तर झोपलेला, नसला तर भुसावळच्या नाहीतर बल्लारशाच्या वाटेवर. अशा माणसाच्या नावानं कुणी मुखत्यारपत्र करून द्यावं का? पण दिलं. त्याचा शाळेतला मित्र कॅनडात इंजिनीयर झाला होता. वडील वारले तेव्हा तो वर्ध्याला आला, बाजारामागची सहा खोल्यांची चाळ एकदा डोळे भरून बघितली, नवऱ्याला म्हणाला, "आता तूच बघ," आणि परत गेला. नवरा म्हणाला, "बघतो की." तेव्हापासून बघायला लागले मी.

दर महिन्याला मालकाला रिपोर्ट पाठवायचा असे. निळं एअरोग्राम, त्यात जागा इतकीशी, आणि मालकाला सगळं हवं. कोणत्या खोलीचं भाडं आलं, कोणाचं थकलं. कोणती खोली रिकामी. दुरुस्ती काय केली, ती का करावी लागली. घरपट्टी, पाणीपट्टी, गवंड्याची मजुरी, हौद साफ करणाऱ्याचे पैसे. शेवटी इथल्या बँकेतल्या त्याच्या खात्यात भरलेली रक्कम. त्याखाली 'इतर' म्हणून दोन ओळी. अक्षर माझं आणि सही नवऱ्याची. मालक उत्तरात लिहायचा, 'तुझे रिपोर्ट फार व्यवस्थित असतात.' गार्डसाहेब ते मला वाचून दाखवायचे, वर मिशीतल्या मिशीत हसायचे. मी त्या वेळी भांडी जरा जोरात आपटत असे.

कवेलूंवरून, म्हणजे छपराच्या कौलांवरून, मालकाचं आणि आमचं नेहमी वाजायचं. वर्ध्याची वानरं म्हणजे घरमालकांचे गेल्या जन्मीचे वैरी. चिंचेवरून छपरावर, छपरावरून शेजारच्या पेरूवर, आणि मधे आमचे कवेलू. दर उन्हाळ्याच्या शेवटी सगळं छप्पर फेरून घ्यायचं, फुटके कवेलू बदलायचे. मालकानं एकदा विचारलं, दरवर्षी इतके कवेलू कसे फुटतात? मी लिहिलं, 'वानरांस समज दिली आहे, सुधारणा नाही.' नवऱ्यानं न वाचता सही केली. पुढच्या पत्रात मालकानं कवेलूंचा खर्च मुकाट्यानं मंजूर केला.

वसुलीची एक पद्धत माझ्या सासऱ्यांपासून चालत आली होती. ते मालकाच्या वडिलांकडे कारकुनी करत. पावती आधी घरी लिहून न्यायची, दारापुढे उभं राहून भाडेकरूला हाक मारायची, त्यानं ओ दिली की पैसे घेऊन पावती हातात द्यायची. दाराआड कुणी लपू नये म्हणून हाक मोठ्यानं. मीही तसंच करायची. तीन नंबरला गेले की, "मिस्त्रीभाऊ, पावती!" आतून आधी खोकला यायचा, मग माणूस.

मिस्त्रीभाऊ सायकलींचे मिस्त्री. मालकाच्या वडिलांच्या काळापासून तीन नंबरात. मालक मॅट्रिकला होता तेव्हा ऐन परीक्षेत त्याचा पाय मोडला. तेव्हा मिस्त्रीभाऊंनी त्याला रोज सायकलच्या दांडीवर बसवून परीक्षेला नेलं, पेपर सुटेपर्यंत शाळेच्या फाटकाशी बिड्या ओढत बसले आणि परत आणलं. मालक ते विसरला नव्हता. दर पत्रात शेवटी असायचंच, 'मिस्त्रीभाऊ कसे आहेत? बिडी सोडली का?' मी 'इतर'मध्ये लिहायची, 'बरे आहेत. सोडली नाही.'

त्यांनी लग्न फार उशिरा केलं, मालक वडिलांचं उरकून कॅनडाला परत गेल्यावर, पार चाळिशी उलटल्यावर. देवळीकडच्या खेड्यातली बायको, माळव्याची, म्हणजे भाजीपाल्याची, शेती करणाऱ्या घरातली. मी तिला वहिनी म्हणायची. तिच्याबद्दल रिपोर्टात कधी काही लिहिलं नाही. लिहायचं कुठे? खोलीचा नंबर, भाडेकरूचं नाव, भाडं. कुटुंबासाठी रकाना नव्हता.

मग पाच नंबर रिकामा झाला आणि सगळं बिघडलं. आमच्या विदर्भात तेव्हा कायदा असा होता की खोली रिकामी होणार असं कळलं की सात दिवसांत कलेक्टर कचेरीत कळवायचं आणि पंधरा दिवस वाट बघायची. तेवढ्यात साहेबांनी एखाद्या सरकारी नोकराच्या नावे ती खोली लावून दिली की मालकानं निमूट किल्ली द्यायची. मी कळवलं. खोली मलेरिया खात्याच्या एका इन्स्पेक्टरला लागली, पण तो लगेच राहायला आला नाही. मालकाचं लांबलचक पत्र आलं. त्याला चाळ विकायची होती. एक डॉक्टर दवाखान्यासाठी घ्यायला तयार होते, पण खोल्या मोकळ्या असतील तरच. मालकानं लिहिलं होतं, जमेल तशा खोल्या मोकळ्या करून घ्या. कोणी गेला की नवा भाडेकरू येता कामा नये, स्वतःच्या गरजेचा अर्ज आधीच देऊन ठेवा. आणि खाली वेगळ्या शाईत: 'मिस्त्रीभाऊंना मात्र कोणी हात लावायचा नाही. ते आहेत तोवर तीन नंबर त्यांचा. त्यांच्यानंतर ताबडतोब ताबा घ्या.'

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मिस्त्रीभाऊ वहिनीच्या गावी एका लग्नाला गेले आणि तिथंच वारले. सकाळी चहा घेतला, बाजेवर टेकले, ते उठलेच नाहीत. तिथंच उरकलं. तेरवी आटोपून वहिनी एकटीच एसटीनं परत आली ती नेमकी माझ्या पावतीच्या दिवशी. मला काही माहीत नव्हतं. मी नेहमीसारखी हाक मारली, "मिस्त्रीभाऊ, पावती!" खोकला आला नाही. वहिनीनं दार उघडलं. तिचं कपाळ बघून माझ्या हातातलं पावतीबुक खाली पडलं.

ती रडली नाही. मला आत घेतलं, कडी लावली आणि म्हणाली, "बाई, आता मले काढान तुमी?"

मालकाचं पत्र माझ्या घरी फडताळात होतं, आणि ते तिला ठाऊक होतं. मीच मोठ्या कौतुकानं मिस्त्रीभाऊंना वाचून दाखवलं होतं.

"माहेरी जागा नाही का?" मी विचारलं.

"भावाचं घर हाय. चार दिस पाव्हणी म्हनून. पाचव्या दिशी भावजय भांडं वाजवते." मग म्हणाली, "इथं मी शिवण करतो, दोन घरचं दळण निवडतो. माह्यं पोट निंगते. भाडं चुकनार नाई जी. फक्त पावती त्याईच्याच नावानं फाडा."

मी वकिलाकडे गेले. ते म्हणाले, भाडेकरूचा हक्क वारसाकडे जातो की नाही यावर कोर्टात दोन्ही बाजूंनी भांडता येतं, पण भांडायला पैसा लागतो, तो या बाईकडे आहे का? नव्हताच. तेव्हा मी मिस्त्रीभाऊंच्या नावाची पावती फाडली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मालकाले खोटं लिहायचं?" मी म्हटलं, "खोटं कशाला? तीन नंबर, भाडं मिळालं. मिळालंच आहे." त्यानं सही केली.

खोटं न लिहिण्याचा माझा हट्टच होता. मालकानं विचारलं, बिडी सोडली का? मी लिहिलं, 'आता ओढत नाहीत.' खोकला कसा आहे? 'आता नाही.' सायकलचं दुकान? 'बंद केलं.' मालक खूश. लिहिताना पहिल्यांदा हसू आलं होतं मला. पुढे पुढे मात्र 'इतर'पाशी आलं की पेन जड व्हायचं. मालकाची पत्रं आता मिस्त्रीभाऊंविषयीच असायची. त्यांना म्हणावं मला ती दांडी आठवते. त्यांना म्हणावं थंडीत जपा. एका हिवाळ्यात नागपूरच्या कुणाबरोबर लोकरीचा मफलर आला, पुढच्या हिवाळ्यात दुसरा. मी लिहिलं, 'मफलर पोहोचला.' वहिनीनं तो खुंटीवर अडकवला, मिस्त्रीभाऊंच्या खाकी सदऱ्याशेजारी. सदरा तिनं काढला नव्हता. दर महिन्याला दारातून तेवढंच दिसायचं, सदरा आणि मफलर, आणि मी त्यांच्याकडे बघून हाक मारायची. हाक बंद करता येत नव्हती, कारण मिस्त्रीभाऊ गेल्यावर इन्स्पेक्टर पाच नंबरात बिऱ्हाड घेऊन राहायला आला होता. तो सरकारी माणूस, कचेरीत उठबस असलेला. तीन नंबरात भाडेकरूच नाही हे त्याच्या कानावर गेलं असतं तर ती खोली त्याच्याच एखाद्या सोबत्याला लागली असती. जुन्या भाडेकरूंना सगळं माहीत होतं. त्यांनी ते गिळलं. सगळी चाळ एका मेलेल्या माणसाला धरून बसली होती.

मी हाक मारायची. वहिनी आतून म्हणायची, "हो जी, आंग धुऊन राह्यले. द्या माह्याजवळ."

एक दिवस इन्स्पेक्टर मला हौदाशी भेटला. गृहस्थ चांगला होता. म्हणाला, "बाई, तुमच्या त्या तीन नंबरवाल्यांना एकदा सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवा. रात्रभर खोकतात. मधे एक अख्खी खोली आहे, पण कौलाखालून सगळं ऐकू येतं."

ऊन रणरणत होतं, हौदावर बायका धुणं धूत होत्या, आणि मला वाटलं आत्ता मागून कुणीतरी बिडी पेटवील. मी तशीच तीन नंबरला गेले. वहिनी दारात डाळ निवडत होती.

"कोण खोकतं रात्री?"

ती मान खाली घालून सूप हलवत राहिली. "मीच. त्या इनिसपेक्टरले ऐकू जावं म्हनून सुरू केलं. जाड आवाज काढून. त्याईच्यासारखा." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पन बाई, आता मले तो काढा लागत नाई. आपोआप येते. खोकून झालं का मी पानी द्याले उठतो. उठल्यावर समजते."

मी तिच्याजवळ बसले. मी पण डाळ निवडली.

त्याहून वाईट झालं ते संक्रांतीला. इन्स्पेक्टरच्या बायकोनं हळदीकुंकू केलं, नवी बाई, हौशी, चाळीतल्या सगळ्यांना बोलावणं. वहिनी आली नाही तर ती आपणहून तीन नंबरला गेली आणि तिला हाताला धरून घेऊन आली. वहिनी टिकली लावून आली होती. तशी ती महिनोन्‌महिने लावतच होती, इन्स्पेक्टरच्या बिऱ्हाडापायी. आम्ही बायका वाण घेऊन बसलो होतो. इन्स्पेक्टरच्या बायकोनं वहिनीच्या कपाळाला कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि हसत म्हणाली, "अखंड सौभाग्यवती व्हा. तुमचे मिस्त्री बरे होऊ देत."

कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या तेवढ्याच. वहिनीनं वाकून नमस्कार केला, तिळगूळ पदरात घेतला आणि घरी गेली. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्या कॅनडावाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. नवऱ्याच्या मित्राला घालाव्यात तेवढ्याच नव्हे, जास्तच.

आणि मग त्याचं पत्र आलं, दिवाळीनंतर येतो म्हणून. चाळीचं काय ते ठरवायचं होतं. डॉक्टर अजून मागे लागले होते. पण पहिलं वाक्य तेच, 'आधी मिस्त्रीभाऊंना भेटायचं आहे.'

नवरा म्हणाला, "आता लिही. वारले म्हनून लिही." मी म्हटलं, कधी वारले म्हणून लिहू? कोणत्या महिन्यात? तारीख कोणती घालू? मी पत्र घेऊन वहिनीकडे गेले. ती ऐकून म्हणाली, "येऊ द्या. तुमी काई बोलू नका. तोंड मले हाय."

मालक आला. डोक्यावरचे केस गेलेले, पांढरा शर्ट, हातात पिशवी, त्यात तिसरा मफलर. नवरा सुट्टी घेऊन बरोबर, मी मागे. चाळीत शिरताच मालकानं छपराकडे बघितलं आणि नवऱ्याला म्हणाला, "रिपोर्टातली वानरं ती हीच का? फार छान लिहितोस तू." नवऱ्यानं घसा खाकरला.

वहिनी दारात उभी होती. कपाळ पुसलेलं. डोक्यावरून पदर. मालकानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मिस्त्रीभाऊ?" त्यानं विचारलं.

"ते गेले," वहिनी म्हणाली. "अडीच वर्सं झाली."

मालक हसला, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असं वाटून माणूस हसतो तसा. मग त्याला खुंटीवरचे मफलर दिसले, न वापरलेले, घडी न मोडलेले. तो आत गेला आणि बाजेवर बसला. "आणि तुम्ही?"

"मी त्याईची बायको."

"लग्न केलं होतं त्यांनी?" तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "मला कोणी सांगितलं नाही."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मग मीच बोलले. सगळं बोलले. पत्रातली ती वेगळ्या शाईतली ओळ, वकील, इन्स्पेक्टर, हळदीकुंकू, पावत्या. शेवटी म्हटलं, "रिपोर्ट मी लिहिते. यांची फक्त सही असते. त्यात खोटं एक अक्षर नाही, काढून बघा."

त्यानं मफलरची पिशवी बाजेवर ठेवली. वर्ध्याचा माणूस, कॅनडाची भाषा सगळी गळून पडली. "अव बाई," तो वहिनीला म्हणाला, "मले वाटलं मिस्त्रीभाऊ एकटेच हायेत. त्याईच्यामागं कोनी नाई. म्हनून लिवलं, ताबा घ्या. तुमी हाय हे कोनी मले सांगतलं असतं तर मी काय तुमाले रस्त्यावर काढलं असतं?"

तेवढं कळवायला एक साधी ओळ पुरली असती, कवेलूंच्या खर्चाखाली, 'इतर'मध्ये: मिस्त्रीभाऊंनी लग्न केलं. वानरांना मात्र मी रिपोर्टात जागा दिली होती.

त्यानं चाळ तेव्हा विकली नाही. जाण्याआधी वकिलाला बोलावून नीट विचारलं. वकील म्हणाले, वारस म्हणून हिचं नाव लावून घ्या, पावती हिच्या नावानं फाडा. मग पुढे चाळ कोणीही घेऊ दे, रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय हिला कोणी हलवू शकत नाही. मालक म्हणाला, पुढच्या महिन्यापासून तसंच करा. वहिनी तेवढी चुळबुळत होती. तो गेल्यावर मला म्हणाली, "त्याईचंच राहू द्या ना जी नाव."

"आता कशाला?" मी चिडले. "इतकं सगळं झालं ते तुझ्या खोलीसाठीच ना?"

"मले त्याईचं नाव घेता येत नाई. बाकी कोनी घेत नाई. म्हयन्यातून एकदा तुमी हाक मारता, तेवढंच."

मी मऊ झाले, पण ऐकलं नाही. खोली राहायला हवी होती.

महिना उलटला. नाव लागेपर्यंत इन्स्पेक्टरच्या कानी काही जाऊ दिलं नाही, वहिनी टिकली लावतच होती. मी सगळ्या पावत्या घरी लिहिल्या. तीन नंबरच्या पावतीवर तिचं नाव लिहिताना लक्षात आलं, तिचं स्वतःचं नाव मला माहीतच नव्हतं, वकिलाच्या कागदावरून उतरवावं लागलं. चाळीत गेले. एक नंबर, दोन नंबर. तीन नंबरच्या दारापुढे उभी राहिले आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, "मिस्त्रीभाऊ, पावती!"

आत काहीच हललं नाही. खोकला नाही, हो जी नाही. मी जीभ चावली. आता दुसरं नाव घ्यावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, अगदी सरळ, कुणाला निरोप सांगावा तसा.

"नाईत ते."

आणि मग ती रडली. ते गेल्यापासून पहिल्यांदा, मोकळा गळा काढून, खेड्यातल्या बायका रडतात तशी, नाव न घेता त्याला हाका मारत. मी आत गेले, तिला धरलं. हौदावरच्या बायका हात पुसत आल्या. इन्स्पेक्टरची बायको धावत आली आणि विचारू लागली, कधी गेले, कसे गेले, काल तर खोकत होते ना? कुणी तरी खुंटीवरचा सदरा काढून वहिनीच्या मांडीवर ठेवला. दुपारी दोन नंबरवालीनं पिठलं-भाकर करून आणली, सुतकाच्या घरी न्यावी तशी, आणि तिला बळेच चार घास भरवले. त्या रात्री चाळीत कोणी खोकलं नाही, असं इन्स्पेक्टर मला नंतर म्हणाला.

त्या महिन्याचा रिपोर्ट मी लिहिला. वसुली पूर्ण. रिकामी खोली नाही. दुरुस्ती, चार नंबरच्या नळाची. खर्च, शिल्लक. 'इतर'मध्ये लिहिलं, 'तीन नंबरचे मिस्त्रीभाऊ वारले. मागे पत्नी आहे.' नवरा भुसावळहून आला, जेवला, सहीसाठी कागद ओढून घेतला आणि वाचून थांबला.

"हे तं त्याले माहीत हाय," तो म्हणाला.

"माहीत आहे," मी म्हटलं, "पण अजून लिहिलं नव्हतं." आणि पेन त्याच्या हातात दिलं.